जीडीनंतर एचआरला काय लिहायचं?

ग्रुप डिस्कशन संपवून मुलं खोलीबाहेर पडतात तोवर परीक्षकांच्या तक्त्यात गुण बहुधा भरून झालेले असतात. मुद्दा कोणी मांडला, दुसऱ्याचं कोणी ऐकून घेतलं, कोण नुसताच मोठ्यानं बोलला, ही नोंद चर्चा चालू असतानाच होते. त्यामुळे नंतर पाठवलेल्या मेलनं गुण वाढत नाहीत. मग तो पाठवायचा कशाला? तर यादीच्या गोंधळात आपलं नाव गळलं असेल, तर ते कळावं म्हणून.

हे गळणं अगदी साधं असतं. हजेरीच्या कागदावर घाईत लिहिलेल्या मेल-आयडीतला एक आकडा चुकीचा वाचला जातो आणि मुलाखतीचं बोलावणं भलतीकडेच जातं. कधी ते आपल्याच स्पॅममध्ये पडलेलं असतं, म्हणून आधी तिथे पाहावं.

समजा, शनिवारी पुण्यात पूल ड्राइव्ह झाली आणि ‘बुधवारपर्यंत कळवू’ असं सांगितलं. गुरुवारी सकाळीच मेल टाकू नये, शुक्रवार बरा. ज्या मेलवर बोलावणं आलं होतं, त्यालाच उत्तर द्यावं, म्हणजे मागचा सगळा धागा समोरच्याला एका ठिकाणी मिळतो. मेल बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर एवढाच हवा:

‘नमस्कार मॅडम, शनिवारच्या ड्राइव्हमध्ये ट्रेनी पदासाठी मी सकाळच्या दुसऱ्या गटात होते. माझा नोंदणी क्रमांक खाली दिला आहे. चर्चेत सहभागी होण्याची संधी दिल्याबद्दल आभार. पुढच्या फेरीची यादी जाहीर झाली आहे का, एवढं कळवाल का? माझा मेल-आयडी आणि मोबाइल नंबर पुन्हा देत आहे.’

यात एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं चटकन देता येतं. नवखी मुलं नेमकी इथेच घसरतात. नम्रता म्हणून ‘घरची परिस्थिती बेताची आहे, कृपया एक संधी द्या’ असं लिहितात. वाचणाऱ्याला वाईट वाटेलही, पण त्या वाक्याचं ती काय करणार? ‘मला बोलूच दिलं नाही’ ही तक्रार तर त्याहून महागात पडते. चर्चेत शिरता आलं नाही, याची ती लेखी कबुलीच ठरते.

ड्राइव्ह कॉलेजातच झाली असेल, तर हा मेल कंपनीला न पाठवता प्लेसमेंट ऑफिसरला विचारावं. कंपनी यादी बहुधा त्यांच्याकडेच पाठवते आणि चाळीस मुलांचे चाळीस मेल थेट गेलेले त्यांना मुळीच खपत नाहीत.

उत्तर आलं नाही, तर आठवड्याभरानं त्याच धाग्यावर दोन ओळींची आठवण करावी. त्यानंतर फोन नाही, लिंक्डइनवर मेसेज नाही. दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरायला घ्यावा.