कृष्णेने किती गुंठे नेले?

जुन्या मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी ज्या साखळीने होत असे ती ३३ फूट लांबीची असून तिचे १६ आणे पाडलेले असत, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशा चौरसाला गुंठा म्हणत. असे ४० गुंठे भरले म्हणजे एकर होई. ती साखळी मोजणीदाराच्या खांद्यावरून उतरून फार दिवस झाले. परंतु युरोपातील अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ नावाचे जे उपग्रह आपल्या माथ्यावरून जाताना भूमीची प्रतिमा टिपतात, त्यांच्या प्रतिमेचा लहानात लहान चौकोन, ज्याला पिक्सेल म्हणतात, तो दहा मीटर बाजूचा, म्हणजे ३३ फुटांना दोन-तीन इंच कमी, असतो. अवकाशातून पाहणाऱ्या त्या नेत्राला गुंठ्याहून लहान वस्तू वेगळी दिसत नाही, हा योगायोग कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण पुराने आपली जमीन किती नेली हा त्याचा प्रश्न गुंठ्यांचाच असतो.

हा प्रश्न नवा नाही. नदीने जमीन कातरून नेली तर त्या प्रमाणात सारा कमी करून मागण्याचा हक्क १८७९ च्या जमीन महसूल कायद्यानेही खातेदाराला दिलेला होता. मात्र गेलेला तुकडा निदान अर्ध्या एकराचा असला पाहिजे, अशी त्यात अट होती. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, आणि प्रतिमेच्या भाषेत सुमारे २० पिक्सेल. एवढा तुकडा दोन तारखांच्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून खात्रीने मोजता येईल काय, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

ज्या पद्धतीने तो मोजावयाचा तिची कल्पनाही आपल्या दप्तरांत पूर्वीपासून नांदत आहे. शंकुसाखळीच्या मोजणीत शेताच्या आरपार एक सरळ आधाररेषा धरीत, तिच्यावर ठरावीक अंतरांवर शंकू उभा करून काटकोनात हद्दीपर्यंत साखळी नेत, आणि ती अंतरे साखळ्या व आण्यांत टिपणात उतरवीत. हद्द कितीही वाकडी असली तरी या काटकोनी मापांनी ती कागदावर जशीच्या तशी उतरे. नदीच्या बाबतीत आधाररेषा म्हणजे पात्राची मध्यरेषा. तिच्यावर दर ५० मीटरांवर काटकोनात एक छेदरेषा टाकावयाची, ती दोन्ही काठ ओलांडून पलीकडे जाईल एवढी लांब ठेवावयाची, आणि तीच छेदरेषा पहिल्या तारखेच्या काठाला कोठे छेदते व दुसऱ्या तारखेच्या काठाला कोठे, यांतील अंतर वाचावयाचे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने समुद्रकिनाऱ्यांसाठी रचलेली DSAS ही संगणकीय प्रणाली हेच करते, आणि नदीचे अभ्यासकही ती वापरतात.

छेदरेषा टाकणे सोपे असते. कठीण असते ते काठ म्हणजे काय हे ठरविणे. पाणी जवळच्या अवरक्त किरणांना बहुतांशी गिळून टाकते आणि हिरव्या प्रकाशाचा काही अंश परत पाठविते, म्हणून `(B3 - B8) / (B3 + B8)` हे गुणोत्तर काढले की पाणी वेगळे उठून दिसते व त्याची कड संगणक क्षणात आखून देतो. नवशिका येथेच फसतो, कारण ही पाण्याची कड होय, काठ नव्हे. आणि सातारा-सांगलीच्या कृष्णेत पाण्याची पातळी ही निसर्गापेक्षा पाटबंधारे खात्याची बाब अधिक आहे. कऱ्हाडला कोयना समोरासमोर येऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तेथून खाली नदीत जे वाहते त्यात कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा असतो, आणि पुढे बहे, भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज, हरिपूर असे करीत ती म्हैसाळकडे जाते तोवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तिला अडवितात. पावसाळा सरला की या बंधाऱ्यांत बरगे घालतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढतात. सबब एक प्रतिमा बरगे घातलेल्या जानेवारीतली आणि दुसरी बरगे काढलेल्या जूनच्या आरंभीची अशी जोडी जो घेईल, त्याला कृष्णा दोन्ही अंगांनी आक्रसलेली दिसेल आणि तो बिनदिक्कत लिहून जाईल की येथे नवी जमीन पडली!

पातळीतील या तफावतीचा परिणाम दोन्ही काठांवर सारखा होत नाही, ही गोष्ट मात्र उपयोगी पडते. वळणाच्या आतल्या बाजूला जेथे गाळाची मळी उतरत गेलेली असते आणि चढ पाचास एक इतका सौम्य असतो, तेथे पाणी एक मीटर चढले की कड पाच मीटर सरकते. बाहेरच्या बाजूला जेथे दरड जवळजवळ उभी असते, तेथे तीच पातळी कडेला अर्धा मीटरही हलवीत नाही. म्हणून धूप मोजावयाची ती दरडीच्या बाजूला, आणि तीही शक्य तर पाण्याच्या कडेने न मोजता दरडीच्या माथ्याने, म्हणजे जेथे ऊस किंवा गवत संपते व उघडी माती दिसू लागते त्या रेषेने मोजावी. ही रेषा हाताने आखावी लागते. काठावर बाभळींची दाटी असेल तर माथा त्यांच्या सावलीत दडतो, आणि तेवढ्या छेदरेषा निमूटपणे वगळाव्यात हे उत्तम.

तारखाही विचाराने निवडाव्यात. पावसाळ्यात ढग, पावसाळ्यानंतर बंधाऱ्यांचे तुंबलेले पाणी. तेव्हा वर्षानुवर्षे मे महिन्याच्याच प्रतिमा घ्याव्यात आणि दोन्ही प्रतिमांच्या दिवशी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी काय होती ते ताडून पाहावे. हा तोच पूल, ज्याच्या मापपट्टीवर ४० फुटांना इशारा व ४५ फुटांना धोका मानतात आणि जेथे ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. म्हणून मे २०१९ आणि मे २०२२ ही जोडी घेतली की तीन वर्षांत दोन महापूर सापडतात. येथे हेही सांगितले पाहिजे की काठाची नासाडी ऐन पुरात होते तितकीच, किंबहुना अधिक, पूर ओसरताना होते. कारण आठवडाभर पाण्यात भिजलेली दरड फुगून जड झालेली असते आणि तिला बाहेरून रेटून धरणारे पाणी झपाट्याने उतरले की ती आपल्याच भाराने खचते.

आता एक कल्पित उदाहरण करून पाहू. भिलवडीच्या परिसरातील वळणांसारखे एखादे वळण घ्या, आणि समजा की बाहेरच्या काठावर लागोपाठ पाच छेदरेषांवर माथा ११, १६, २१, १७ आणि १२ मीटर मागे हटलेला आढळला. बेरीज ७७, सरासरी १५.४ मीटर, प्रत्येक छेदरेषेच्या वाट्याला ५० मीटर काठ, म्हणजे एकूण ३,८५० चौरस मीटर, सुमारे ३८ गुंठे. तीन वर्षांनी भागले की वर्षाला पाच मीटरांचा वेग येतो. पण कृष्णेसारखी नदी दरसाल पाच मीटर खात नाही, ती एका पुरात पंधरा नेते आणि मग कित्येक वर्षे स्वस्थ असते. त्यामुळे हा ‘वार्षिक वेग’ मला नेहमीच कागदी वाटत आला आहे.

हे ३८ गुंठे किती भरवशाचे? माथा आखताना अर्ध्या पिक्सेलची, म्हणजे पाच मीटरांची, चूक प्रत्येक तारखेला धरली पाहिजे. अशा दोन चुकांचे वर्ग मिळवून मूळ काढले की सुमारे सात मीटर होतात. पण ही चूक कधी इकडे तर कधी तिकडे जाते, म्हणून पाच छेदरेषांच्या सरासरीत ती तीन मीटरांवर येते. दुसरी चूक अधिक घातक आहे: दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत न बसणे. तीही पाच मीटरांची धरली, तर ती पाचही छेदरेषांवर एकाच दिशेने येते आणि सरासरीने तिळमात्र कमी होत नाही. दोन्ही मिळून सहा मीटरांच्या आसपास, आणि २५० मीटर काठावर १५ गुंठे. तात्पर्य, दाखल्यात लिहावयाचे ते ‘३८ गुंठे, १५ गुंठ्यांच्या आगेमागे’ असे. खालची मर्यादा धरली तरी ती २३ गुंठे येते, म्हणजे अर्ध्या एकराची जुनी अट हे वळण कसेबसे पार करते. याच वळणावर सरासरी सात मीटर निघाली असती, तर काही सिद्ध झाले असे मी म्हटले नसते.

शिवाय या वळणात एक भूमितीची मेखही आहे. छेदरेषा मध्यरेषेवर ५० मीटरांवर असल्या तरी बाहेरच्या काठावर त्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकतात. वळणाची त्रिज्या ५०० मीटर आणि काठ मध्यरेषेपासून ६० मीटरांवर असेल, तर तेथे त्यांतील अंतर ५६ मीटर होते, आणि केवळ एवढ्याने साडेचार गुंठे कमी मोजले जातात. उलट आतल्या बाजूला त्या जवळ येतात, आणि मध्यरेषा नीट गुळगुळीत केलेली नसेल तर एकमेकींना छेदून तीच जमीन दोनदा मोजतात.

प्रतिमा सरकल्याचे ओळखावे कसे? येथे छेदरेषा पात्राच्या आरपार टाकल्याचा खरा लाभ मिळतो, कारण प्रत्येक रेषेवर डाव्या व उजव्या काठाची हालचाल जोडीने वाचता येते. दोन्ही काठ एकमेकांपासून दूर गेले असतील तर बहुधा ती पाण्याची पातळी आहे. दोन्ही एकाच बाजूला सारखे सरकले असतील तर दोन शक्यता उरतात: एका काठाला धूप व दुसऱ्याला भर, किंवा केवळ प्रतिमेचे सरकणे. त्यांचा निवाडा वळणे करतात. नदी नेहमी वळणाच्या बाहेरच्या अंगाला कातरते, म्हणून एका वळणावर ती पूर्वेला खात असेल तर पुढच्यावर पश्चिमेला खाईल. सरकलेली प्रतिमा मात्र सर्व वळणांवर पूर्वेलाच दाखवील. शिवाय जे हलणे शक्यच नाही त्यावर, म्हणजे भिलवडीच्या दगडी घाटावर किंवा आयर्विन पुलाच्या खांबांवर, दोन्ही प्रतिमांत किती फरक येतो ते आधी पाहावे, आणि तेवढा फरक वजा करून मगच काठाकडे वळावे.

काठ नदीने नेला की माणसाने, ही एक कैफियत मात्र प्रतिमा सरळ देत नाही. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत काठाची पोयटा माती वीटभट्ट्यांसाठी उकरली जाते, आणि उकरलेला काठ वरून पाहता मागे हटलेलाच दिसतो. नदीचा चावा धनुष्यासारखा वाकलेला असून दोन्ही टोकांना निमुळता होतो (आपल्या उदाहरणातील ११, २१, १२ ही चढउतार तशीच आहे). माणसाच्या खोदाईच्या कडा सरळ व कोपरे काटकोनी असतात, आणि ती पुराची वाट न पाहता हिवाळ्या-उन्हाळ्यातही वाढते. शंका आली तर मधल्या महिन्यांच्या प्रतिमा पाहाव्यात, आणि तरीही उलगडा न झाला तर पायी जाऊन काठावर उभे राहावे.

ज्यांचे शेत कृष्णेच्या दरडीला लागून आहे, त्यांनी या दिवाळीत विहिरीच्या कठड्यापासून किंवा बांधावरच्या एखाद्या पक्क्या दगडापासून दरडीच्या माथ्यापर्यंत तीन ठिकाणी फीत लावून अंतर मोजावे, तारखेसह वहीत लिहावे, आणि पुढच्या दिवाळीत त्याच जागी पुन्हा मोजावे. वीतभर चुकीचे ते माप तहशील कचेरीत पिक्सेलच्या मापाशेजारी ठेवता येईल.