पट्ट्यांवरून प्लाझ्मिडचा नकाशा

प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्रापासून वेगळा राहणारा, बहुधा वर्तुळाकार असलेला डीएनए. रिस्ट्रिक्शन एन्झाइम हा डीएनए ठरावीक अक्षरक्रम दिसेल तिथेच कापतात. बांगडी एका जागी कापली तर एकच तुकडा हाती येतो आणि दोन जागी कापली तर दोन. वर्तुळाकार डीएनएचा हिशेबही असाच असतो, जितके छेद तितके तुकडे. हे तुकडे अ‍ॅगरोज जेलमध्ये विजेच्या दाबाखाली पळवले की लहान तुकडे पुढे जातात आणि मोठे मागे राहतात. शेजारच्या रांगेत माहीत असलेल्या लांबीचे तुकडे पळवलेले असतात. त्यांच्याशी ताडून प्रत्येक पट्ट्याची लांबी ठरवता येते. मात्र कोणता तुकडा कोणाच्या शेजारी होता, हे जेल सांगत नाही. ते तर्काने काढावे लागते.

पीबीआर322 हे 1977 साली प्रसिद्ध झालेले प्लाझ्मिड यासाठी सोयीचे उदाहरण आहे. त्याची लांबी 4361 बेस-जोड्या. इको-आर-वन, बॅम-एच-वन आणि पीएसटी-वन हे तीन एन्झाइम वेगवेगळे वापरले तर प्रत्येक वेळी सुमारे 4360चा एकच पट्टा दिसतो. म्हणजे प्रत्येकाची जागा एकच, आणि एकूण लांबीही कळली. वर्तुळाला सुरुवात नसते, म्हणून इको-आर-वनची जागा शून्य मानून पुढे जावे.

आता जोड्या लावायच्या. इको-आर-वन आणि बॅम-एच-वन एकत्र घातले की सुमारे 375 आणि 3985 असे दोन तुकडे मिळतात. म्हणजे बॅमची जागा इकोपासून 375वर आहे. ती उजवीकडे मांडली काय किंवा डावीकडे, अजून फरक पडत नाही, कारण एक नकाशा दुसऱ्याचे आरशातले रूप असतो. उजवी बाजू धरू. इको आणि पीएसटी यांच्या जोडीतून 750 आणि 3610 मिळतात. इथे मात्र बाजू महत्त्वाची आहे. पीएसटी बॅमच्याच बाजूला असेल तर त्या दोघांमधले अंतर 750 वजा 375, म्हणजे 375 भरेल. उलट बाजूला असेल तर 750 अधिक 375, म्हणजे 1125. निकाल तिसऱ्या जोडीने लागतो. बॅम आणि पीएसटीचे तुकडे सुमारे 1130 आणि 3230 येतात, म्हणजे इको या दोघांच्या मध्ये आहे.

दोनदा कापणारा एन्झाइम आला की कोडे रंगते. हिंक-टू एकटाच पीबीआर322चे 3255 आणि 1105 असे दोन तुकडे करतो. त्याला बॅमची जोड दिली की 3255चा पट्टा तसाच राहतो, 1105चा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी 830 व 275 दिसतात. नाहीसा झालेला पट्टा हाच खरा पुरावा, कारण बॅमची जागा त्याच तुकड्यात असली पाहिजे. उरतो एक प्रश्न. 275चा भाग बॅमच्या इकोकडील बाजूला आहे की पलीकडे? इकोकडे असता तर हिंकचा छेद इकोच्या आधीच, बॅमपासून 275वर पडला असता आणि इको मोठ्या तुकड्यात गेली असती. पण हिंक आणि इको यांच्या जोडीतही 3255चा पट्टा शाबूत राहतो आणि 1105चे 650 व 455 होतात. म्हणून हिंकचा एक छेद बॅमच्या पलीकडे 275वर, म्हणजे इकोपासून 650वर. दुसरा इकोच्या डावीकडे 455वर, इको आणि पीएसटी यांच्या दरम्यान.

प्रत्यक्ष जेलवर आकडे इतके नेमके वाचता येत नाहीत. मोठे तुकडे वरच्या भागात दाटीने बसतात, त्यामुळे 3985 आणि 4200 यांत डोळ्याने फरक करणे अवघड. म्हणून अंतरे शक्यतो लहान तुकड्यांवरून घ्यावीत आणि मोठ्यांचा उपयोग बेरीज पडताळण्यापुरता करावा.

ही बेरीजच चुका पकडून देते. ती एकूण लांबीपेक्षा कमी भरली तर एखादा लहान तुकडा जेलबाहेर गेला असेल, किंवा जवळपास सारख्या लांबीचे दोन तुकडे एकाच पट्ट्यात लपले असतील. पट्ट्याची चमक त्यातल्या डीएनएच्या वजनावर ठरते. एका छेदनातले सगळे तुकडे संख्येने सारखे असल्याने 275चा पट्टा 3255च्या सुमारे बाराव्या हिश्शाइतकाच उजळतो आणि सहज नजरेतून सुटतो. लांबीच्या मानाने जास्त तेजस्वी दिसणारा पट्टा मात्र दुहेरी असण्याचा संशय घ्यावा. बेरीज जास्त भरली तर बहुतेक वेळा छेदन अपुरे राहिलेले असते. हिंक-टूच्या रांगेत 4360चा फिकट पट्टा उरला असेल तर तो एकदाच कापल्या गेलेल्या रेणूंचा. एन्झाइम वाढवून किंवा जास्त वेळ देऊन तो नाहीसा झाला की शंका मिटते. अजिबात न कापलेले प्लाझ्मिड पीळ पडून घट्ट झालेले असते. ते आपल्या लांबीच्या सरळ तुकड्यापेक्षा सहसा वेगाने पळते, म्हणून त्याची लांबी त्या मापपट्टीवर वाचू नये.