मार्चअखेरच्या गाठी आणि नफ्याचं वर्ष

(बडनेरा येथील सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन)

आजच्या विषयाचं नाव जरा पुस्तकी आहे. हिशेबशास्त्रात एक जुळवणीचं तत्त्व आहे, कॉलेजात त्याला मॅचिंग प्रिन्सिपल म्हणतात. दुसरं सावधगिरीचं तत्त्व, म्हणजे प्रूडन्स. बहुतेक वेळा ही दोन्ही तत्त्वं एकाच दिशेनं चालतात. पण काही ठिकाणी एक म्हणतं हा खर्च पुढच्या वर्षी न्या, आणि दुसरं म्हणतं आजच लिहा. असं कुठं होतं, हे पाहायला आपल्याला बडनेऱ्याच्या बाहेर जायची गरज नाही. आपल्याकडची जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी घेऊ.

जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हिशेबाचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. म्हणजे कापूस घेऊन झालेला असतो, गाठी बांधून झालेल्या असतात, पण सगळ्या विकलेल्या नसतात. त्या शिल्लक गाठी ताळेबंदात कोणत्या भावानं धरायच्या, हा आजचा प्रश्न.

आधी एका गाठीची किंमत काढू. आकडे मी सोपे धरतो. १०० क्विंटल कापूस ७,००० रुपयांनी घेतला, म्हणजे ७ लाख झाले. त्यातून ३४ क्विंटल रुई निघाली, ६४ क्विंटल सरकी निघाली, बाकी घट. गाठ १७० किलोची, म्हणून ३४ क्विंटलच्या बरोबर २० गाठी झाल्या. जिनिंग-प्रेसिंगचा खर्च २०,००० रुपये. एकूण ७ लाख २० हजार. सरकी ३,००० रुपये क्विंटलनं गेली, त्याचे १ लाख ९२ हजार आले, ते यातून वजा करा. राहिले ५ लाख २८ हजार, भागिले २० गाठी. एक गाठ पडली २६,४०० रुपयांना.

आता ३१ मार्चला गोदामात ५०० गाठी शिल्लक आहेत. त्यांची पडतर किंमत १ कोटी ३२ लाख. पण त्या दिवशी बाजारात गाठीचा भाव आहे २५,०००. दलाली आणि भाडं ३०० रुपये गेलं की हातात २४,७०० येतील. हिशेबात याला निव्वळ वसुलीयोग्य मूल्य म्हणतात. सोप्या भाषेत, विकली तर खर्च जाऊन हातात किती पडेल ते. प्रत्येक गाठीमागे १,७०० रुपये कमी. ५०० गाठींचे साडेआठ लाख.

जुळवणीचं तत्त्व काय म्हणतं? ज्या विक्रीसाठी खर्च केला, त्या विक्रीच्या वर्षात तो खर्च दाखवा. या गाठी एप्रिल-मेमध्ये विकल्या जाणार आहेत. मग त्यांचा २६,४०० हा पूर्ण खर्च पुढच्या वर्षी, त्यांच्या विक्रीच्या समोर बसला पाहिजे. तोटा होईल तर तो त्या वर्षाचा. हे म्हणणं चूक नाही. शिल्लक माल ताळेबंदात नेतो तो मुळात याचसाठी.

सावधगिरी म्हणते, थांबा. तोटा दिसतोय ना समोर? मग तो आजच लिहा. गाठी १ कोटी २३ लाख ५० हजारांना धरा. नफा मात्र विक्री झाल्याशिवाय लिहू नका.

हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढं १९५३ साली आला होता. चैनरूप संपतराम विरुद्ध आयकर आयुक्त असा तो खटला. माल कापूस नव्हता, चांदी होती. न्यायालयानं जे समजावलं त्याचा मतितार्थ असा: शिल्लक मालाच्या मूल्यांकनातून नफा तयार होतो असं समजणं चूक आहे. खरेदी एका बाजूला लिहिलेली आहे; न विकलेला माल दुसऱ्या बाजूला लिहिला की तेवढ्यापुरती दोन्ही बाजू कटते आणि फक्त विकलेल्या मालाचा हिशेब उरतो. ही जुळवणी झाली. मग न्यायालयानं हेही मान्य केलं की बाजारभाव खाली असेल तर व्यापारी तो भाव धरू शकतो, म्हणजे येणारा तोटा आधी घेऊ शकतो. पण भाव वाढला म्हणून न विकलेल्या मालावर नफा कुणी शहाणा व्यापारी दाखवत नाही. म्हणजे जुळवणी हा नियम, आणि सावधगिरी हा त्याला घातलेला एकतर्फी बांध.

आजचं अकाउंटिंग स्टँडर्ड २ हेच सांगतं: पडतर किंमत किंवा वसुलीयोग्य मूल्य, यातलं जे कमी असेल ते. आणि हे शक्यतो मालाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं लावायचं. एका प्रतीच्या गाठीवरचा तोटा दुसऱ्या प्रतीच्या गाठीवरच्या न झालेल्या नफ्याखाली झाकायचा नाही.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षांची बेरीज तर सारखीच येते. मग भांडण कशाचं? बरोबर आहे. समजा विकलेल्या मालावर यंदा २० लाख नफा झाला आणि उरलेल्या गाठी पुढं २४,७०० नंच गेल्या. सावधगिरीनं यंदा साडेअकरा लाख, पुढच्या वर्षी या गाठींवर शून्य. नुसत्या जुळवणीनं यंदा २० लाख, पुढच्या वर्षी साडेआठ लाख तोटा. बेरीज दोन्हीकडे साडेअकरा लाखच.

पण माणसं दोन्ही वर्षं तीच राहतात का? चार भागीदार आहेत, सारख्या हिश्श्याचे, आणि एक जण ३१ मार्चला बाहेर पडतोय. २० लाखांवर त्याचा वाटा ५ लाख. साडेअकरा लाखांवर २ लाख ८७ हजार ५००. फरक २ लाख १२ हजार ५०० रुपयांचा, आणि तो उरलेल्या तिघांच्या खिशातून जातो. इथं सावधगिरी न्यायाची वाटते. आता उलटं करा. भाव पडलाच नाही, गाठ २८,००० वर आहे. नियमानं गाठी २६,४०० लाच राहतात, वाढीचा एक रुपयाही जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. इथं तीच सावधगिरी अन्याय करते. म्हणून निवृत्तीच्या वेळी मालमत्तेचं पुनर्मूल्यांकन करण्याचं कलम भागीदारी करारात लिहून ठेवतात. वार्षिक ताळेबंद आणि भागीदाराचा अंतिम हिशेब ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी केलेला नियम दुसऱ्याला डोळे झाकून लावू नये.

आता जुळवणी कुठं वरचढ ठरते ते बघा. गोदामात गाठींशिवाय न जिनलेला कापूसही पडला आहे. तो ७,००० नं घेतला होता, आज मंडीत भाव ६,७००. खाली आणायचा? घाई करू नका. तो कापूस आपण कापूस म्हणून विकणारच नाही, गाठी करून विकणार. म्हणून स्टँडर्ड म्हणतं, तयार माल पडतर किमतीला किंवा वर जाणार असेल तर कच्चा माल खाली आणायचा नाही.

समजा एप्रिलमध्ये द्यायच्या गाठींचा २७,००० चा पक्का सौदा झालेला आहे. खर्च जाऊन २६,७०० येतील. २० गाठींचे ५ लाख ३४ हजार, त्यात सरकीचे १ लाख ९२ हजार मिळवा आणि जिनिंगचे २० हजार वजा करा. ७ लाख ६ हजार, म्हणजे क्विंटलला ७,०६०. खर्च ७,००० होता. मंडीत भाव ६,७०० असूनही हा कापूस ७,००० लाच राहील. पण सौदा नसेल आणि गाठ २४,७०० लाच जाणार असेल, तर याच हिशेबानं क्विंटलला ६,६६० येतात आणि कापूस खाली आणावाच लागतो. सौदा जेवढ्या मालाचा, संरक्षण तेवढ्याच मालाला. जास्तीचा माल बाजारभावानंच तपासायचा.

इथं एका श्रोत्यानं विचारलं, "सर, ताळेबंद तर जून-जुलैत तयार होतो. तोपर्यंत भाव पडला तर तो धरायचा का?"

प्रश्न नेमका आहे. उत्तर असं की एप्रिल-मेचा भाव ३१ मार्चच्या परिस्थितीवर प्रकाश टाकत असेल तरच धरायचा. काही गाठी ओल्या होत्या, एप्रिलमध्ये गिऱ्हाइकानं भाव कापला. ओल मार्चमध्येही होतीच, म्हणून धरायचा. पण ३१ मार्चनंतर काही नवीनच घडलं असेल तर तो तोटा पुढच्या वर्षाचा. रक्कम मोठी असेल तर ती माहिती वेगळी द्यायची. २०२२ चं उदाहरण घ्या. केंद्र सरकारनं १४ एप्रिलपासून कापसावरचं आयातशुल्क माफ केलं. वर्ष संपल्यानंतरची ही घटना. कुणालाही वाटलं असतं, आता भाव पडणार. प्रत्यक्षात मे महिन्यात खंडी लाखाच्या वर गेली, आणि मग उतरली. खंडी म्हणजे ३५६ किलो. एप्रिलमध्ये नुसत्या भीतीनं कुणी मार्चच्या गाठी खाली आणल्या असत्या, तर त्याला आधार काय होता?

आणि हाच सावधगिरीचा गैरवापर ओळखायचा मार्ग आहे. चांगल्या वर्षात "भाव पडेलसा वाटतो" म्हणून गाठी १५,००० ला धरायच्या, यंदाचा नफा दडवायचा, आणि वाईट वर्षात तोच नफा बाहेर काढायचा. याला सावधगिरी म्हणत नाहीत. हा गुप्त निधी झाला, आणि तो हिशेबशास्त्राला मान्य नाही. पकडायचं कसं? एप्रिल-मेची विक्रीबिलं काढा आणि मार्चच्या धरलेल्या भावाशेजारी ठेवा. मधे बाजार हललेला नसताना दर वर्षी गाठी धरलेल्या भावापेक्षा बऱ्याच वर विकल्या जात असतील, तर तो अंदाज प्रामाणिक नाही. धरलेल्या भावाला त्या दिवशीच्या बाजाराचा कागद मागा, आणि गाठींची संख्या प्रेसिंगच्या नोंदवहीशी ताडून पाहा.

जगातही या दोन तत्त्वांची ओढाताण मिटलेली नाही. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळानं २०१० साली आपल्या मूलभूत चौकटीतून सावधगिरी हा शब्द काढून टाकला होता, कारण ती हिशेब एका बाजूला कलवते असा आक्षेप होता. २०१८ मध्ये तो परत आणला, पण अर्थ बांधून: अनिश्चितता असताना निर्णय जपून घ्या, मालमत्ता वाढवून दाखवू नका, आणि मुद्दाम कमीही दाखवू नका.

तेव्हा मार्चअखेरीस गोदामाच्या दारात उभं राहून क्रमानं तीन गोष्टी विचारा. हा माल कोणत्या रूपात विकला जाणार? त्याला पक्का सौदा आहे का? आणि नसेल तर, ३१ मार्चलाच, खर्च जाऊन हातात किती पडले असते? उत्तर पडतर किमतीच्या खाली आलं तर तेवढाच फरक यंदा लिहा, ना रुपया कमी, ना रुपया जास्त. बाकीचा खर्च गाठीबरोबर पुढच्या वर्षात जाऊ द्या.