मशीन गेलं, आता काय?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमचं वॉशिंग मशीन विमानासारखं ओरडायला लागलं. कपडे भिजेपर्यंत ठीक, पण पिळायची वेळ आली की असा घरघराट, की सासूबाई देवघरातून विचारायच्या, "अगं, टँकर आला का?" मशीन नऊ वर्षांचं, समोरून दार असलेलं, सात किलोचं. भिशीचे तीस हजार नुकतेच हातात आले होते, पण ते लेकीच्या होस्टेलच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले. म्हणून दुरुस्ती की नवीन, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता मशीनचा नव्हता.

दुकानदाराला फोन केला, तर त्याने बघायलाही न येता सांगून टाकलं, "ताई, नऊ वर्षं झाली ना? टाका आता. एक्स्चेंजमध्ये दोन हजार कमी करतो." आमचा नेहमीचा मेकॅनिक मात्र म्हणाला, "वहिनी, आधी घरच्या घरी एवढं बघा, मग मला बोलवा."

त्याने सांगितलं ते सोपं आहे, तुम्हीही करू शकता. आधी प्लग काढायचा. रिकामं ड्रम हाताने हळू फिरवायचं. फेरीगणिक एकदाच टक् असा आवाज आला तर ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्यामध्ये नाणं, हूक किंवा ब्रेसियरची तार अडकलेली असू शकते. ते किरकोळ काम. पण सतत खरखर आली, वाळूवरून चाक गेल्यासारखी, तर बेअरिंग गेलं. मग ड्रमच्या वरच्या कडेला धरून वर उचलून बघायचं. ड्रम आणि बाहेरची टाकी दोन्ही मिळून हलली तर काळजी नाही, ती स्प्रिंगवर टांगलेलीच असते. टाकी जागेवर राहून एकटं ड्रम खटखट हललं, तर बेअरिंगमध्ये ढिलाई आली आहे. आमचं एकटंच हललं! मशीनच्या मागे फरशीवर तांबूस ओघळही दिसला. म्हणजे पाणी अडवणारं रबरी सील आधी गेलं, त्यातून पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं आणि ते गंजलं.

मेकॅनिकने दोन्ही बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये सांगितले. मी लगेच 'करा' म्हणणार होते, पण त्यानेच थांबवलं. "उघडल्यावर मागची तीन हातांची पट्टी बघावी लागेल. ती खराब निघाली तर हिशेब बदलतो." उघडायचे सहाशे आधीच ठरवून घेतले, काम केलं तर ते मजुरीतच धरायचे. हे आधी बोलून घेणं फार बरं पडतं. नाहीतर मशीन अर्धवट उघडं पडलं, की आपण नाही म्हणू शकत नाही.

काही मशीनची बाहेरची टाकी कारखान्यातच कायमची जोडून टाकलेली असते. तिथे नुसतं बेअरिंग बदलता येत नाही, अख्खी टाकी घ्यावी लागते. म्हणून 'टाकी उघडते का?' हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. आमची स्क्रूची होती, उघडली. आणि ती पट्टी समोर आली. ड्रम स्टीलचं असतं, पण त्याला मागून धरणारे हे तीन हात बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. आमच्या पट्टीवर पांढरा चिवट थर होता. तो खरवडल्यावर खाली खड्डे, आणि एका हाताला चक्क चीर!

"पावडर जास्त घालता का?" त्याने विचारलं. घालत होते ना! आमच्याकडे बोअरचं जड पाणी, फेस येत नाही म्हणून दोन चमचे वर. ती न धुतली गेलेली पावडर त्या हातांवर साचून राहते आणि ओलसरपणात धातूला हळूहळू खाते. चीर पडलेल्या पट्टीवर नुसतं नवीन बेअरिंग बसवण्यात अर्थ नव्हता. हात तुटला तर ड्रम टाकीवर आपटून टाकीच फुटते. पट्टी ड्रमसकटच मिळत होती, म्हणून एकूण खर्च झाला १०,५०० रुपये.

रात्री वहीत हिशेब मांडला. नुसता खर्च बघितला नाही, तर त्या खर्चात मशीन किती वर्षं मिळणार ते बघितलं. नऊ वर्षांचं मशीन दुरुस्तीनंतर फार तर तीन वर्षं चालेल असं धरलं. ३,८०० ला तीन वर्षं म्हणजे वर्षाला साधारण १,३००. हे डोळे झाकून करावं. १०,५०० ला तीन वर्षं म्हणजे वर्षाला ३,५००. आणि तसंच नवीन मशीन २९,००० ला, दहा वर्षं धरली तर वर्षाला २,९००. म्हणजे तेच मशीन, तोच आवाज, पण पट्टी चांगली असती तर दुरुस्ती शहाणपणाची होती आणि चिरलेली निघाल्यावर नवीनच स्वस्त. वयावरून ठरवणारा दुकानदार अखेर बरोबर निघाला खरा, पण न बघता! पाच वर्षांच्या मशीनला त्याने हेच सांगितलं असतं, तर नुकसान झालं असतं.

होस्टेलचा हप्ता भिशीतून दिला आणि मशीन बिनव्याजी हप्त्यांवर घ्यायचं ठरवलं. बिल करताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी? दोन वर्षं जास्त, फक्त ३,२०० रुपये." मी कागद मागून घेतला आणि तिथेच बसून वाचला. कंपनीची पूर्ण वॉरंटी दोन वर्षांची, म्हणजे ही तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी. रबर आणि प्लॅस्टिकचे भाग त्यात नाहीत, गंज नाही, उंदराने कुरतडलेली वायर नाही, व्होल्टेजने जळालेलं कार्ड नाही. मोटरवर दहा वर्षं असं दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, पण ती फक्त मोटरच्या किमतीपुरती. येण्याजाण्याचा खर्च आणि मजुरी आपली.

मग जुन्या मशीनची नऊ वर्षं आठवली. पाचव्या वर्षी पाणी बाहेर टाकणारा पंप गेला, १,४०० रुपये. सातव्या वर्षी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, ७०० रुपये. नवव्या वर्षी बेअरिंग. तिसऱ्या-चौथ्या वर्षी काहीच नाही! बनावटीतला दोष बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच दिसतो आणि झीज दिसते ती पाच-सहा वर्षांनंतर. वाढीव वॉरंटी नेमकी मधल्या शांत काळासाठी असते.

तरी एक मोठा खर्च मधेच येऊ शकतो, तो इलेक्ट्रॉनिक कार्डचा. आमच्या मशीनला तो सहा हजारांच्या आसपास सांगितला. एवढा अचानक खर्च झेपणार नसेल तर वॉरंटी घ्यायला हरकत नाही, पण ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, कार्ड कुठल्या कारणाने गेलं तर मिळतं आणि माणूस आपल्या गावात येतो का, हे तिन्ही लेखी बघून. घाईही नको. कंपनीला विचारलं तर कळलं, मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते.

मी घेतली नाही. त्या ३,२०० मधले साडेचारशे मशीनखालच्या उंदीर अडवणाऱ्या जाळीला गेले, उरलेले गव्हाच्या डब्यामागच्या पाकिटात 'मशीन' असं लिहून ठेवले. पावडर निम्म्यावर आणली आहे, आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवते. सासूबाई म्हणतात, "फेस दिसत नाही गं, कपडे निघतात का स्वच्छ?" निघतात. आणि टँकरही आता खरोखर आला तरच ऐकू येतो!