चाळीस मिलिमीटर कुठून मोजायचे?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या इमारतीचा कॉलम घ्या. सळईवर काँक्रीटचा किती जाड थर हवा, म्हणजे कव्हर किती, असं विचारलं तर बहुतेक जण चटकन 'चाळीस मिलिमीटर' म्हणतील. आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत कॉलमसाठी ४० चा आकडा आहेही. पण तेवढाच उचलून कार्यालयाच्या तपासणीयादीत टाकला, तर खाऱ्या हवेतला हा कॉलम लवकर गंजेल.

मानकातलं वाक्य 'शॅल'चं असेल तर ते बंधन, 'शुड'चं असेल तर शिफारस आणि 'मे'चं असेल तर मुभा. म्हणून यादी करणारे आधी सगळे 'शॅल' शोधून काढतात. सुरुवात म्हणून ते ठीकच आहे, पण खरं काम त्यानंतरचं. वाक्यातला आकडा कोणत्या अटीवर उभा आहे आणि तो कुठून कुठे मोजायचा, हे त्याच ओळीत आलं पाहिजे.

कलम २६.४.२.१ मधले ४० मिलिमीटर कॉलमच्या उभ्या सळईपर्यंतचे आहेत आणि ती कमीत कमी मर्यादा आहे. तक्ता १६ मधलं कव्हर मात्र सर्वांत बाहेरच्या पोलादापर्यंत, म्हणजे रिंगपर्यंत मोजायचं असतं. समुद्रकिनाऱ्याची हवा तक्ता ३ नुसार 'तीव्र' वर्गात येते आणि त्या वर्गाला ४५ मिलिमीटर लागतात. रिंग ८ मिलिमीटरची असेल तर उभी सळई ५३ मिलिमीटर आत जाते. 'कॉलम : ४०' एवढीच ओळ वाचून कुणी सळई ४० वर ठेवली, तर रिंगवर ३२ च उरतात. गंज आधी धरते ती रिंगच.

त्यामुळे ही एक ओळ फोडून दोन करायला हव्यात : उभ्या सळईपर्यंत किमान ४०, आणि रिंगपर्यंत परिसराच्या वर्गाप्रमाणे. दोन्हींपुढे कलम क्रमांक, मानकाची आवृत्ती आणि ड्रॉइंगवर हे कुठे दिसेल ते लिहायचं. दोन्ही पाळायच्या, म्हणजे जी जास्त आत नेते ती चालते.

तक्त्याखालच्या टिपा बहुतेक वेळा यादीत येतच नाहीत. तीव्र वर्गात एम३५ किंवा त्याहून वरचं काँक्रीट असेल तर ५ मिलिमीटर कमी करण्याची मुभा अशाच एका टिपेत आहे. ती बंधनांच्या रांगेत घालू नये. वेगळ्या रकान्यात, काँक्रीटच्या प्रतीची अट जोडून ठेवावी, नाहीतर एम३० च्या कॉलमलाही कुणीतरी ती सूट देऊन टाकतो.

आणि कलम १२.३.२. प्रत्यक्ष कव्हर ठरलेल्यापेक्षा १० मिलिमीटरपर्यंत जास्त चालेल, कमी अजिबात नाही, असं ते सांगतं, पण 'शुड'च्या भाषेत. नुसते 'शॅल' शोधणाऱ्याच्या यादीतून ते गळतं. माझ्या मते कार्यालयाने ते स्वतःहून बंधनकारक करावं, आणि त्या ओळीपुढे 'हा नियम आमचा' असं स्पष्ट नोंदवावं, म्हणजे वाद झाला तर मानक काय म्हणतं आणि आपण काय ठरवलंय, हे वेगळं दाखवता येईल.