ग्राहक आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील : मुदत, अनामत आणि कारणे

ग्राहक मंचाला 2020 पासून जिल्हा आयोग म्हणतात. नाव बदलले तसे अपिलाचे नियमही बदलले. परंतु आमच्या अनेक बांधवांच्या मनात अजून ‘तीस दिवस आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार’ हे जुनेच गणित असते. 20 जुलै 2020 पूर्वी दाखल झालेल्या तक्रारींपुरतीच अनामतीची ती मर्यादा लागू आहे.

आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. वसईतील एका केटरर बांधवाविरुद्ध लग्नाच्या जेवणाबद्दल तक्रार झाली. आयोगाची नोटीस त्यांच्या जुन्या पत्त्यावर गेली. ते हजर राहिले नाहीत आणि 10 मार्च रोजी एकतर्फी आदेश झाला : 60,000 रुपये परत द्यावेत, 20,000 भरपाई आणि 5,000 खर्च द्यावा. असा आदेश जिल्हा आयोगाला स्वतः रद्द करता येत नाही. नोंदीवर उघड दिसणारी चूक, उदाहरणार्थ बेरजेची, असेल तरच तीस दिवसांत त्याच आयोगाकडे पुनर्विलोकन मागता येते. म्हणून या बांधवांना मुंबईच्या राज्य आयोगाकडेच जावे लागेल.

मुदत पंचेचाळीस दिवसांची. 10 मार्चनंतरचा पंचेचाळिसावा दिवस 24 एप्रिल. आदेशाची प्रत उशिरा हाती आली, तर तिच्या तारखेचा पुरावा, म्हणजे टपालाचे पाकीटसुद्धा, जपून ठेवावे. तरीही हिशेब आदेशाच्या तारखेपासूनच धरावा, असे आम्ही सुचवू. उशीर झालाच, तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज करून प्रत्येक दिवसाचे कारण द्यावे लागते. ‘वकील भेटले नाहीत’ एवढ्याने सहसा भागत नाही.

ज्याला पैसे देण्याचा आदेश झाला आहे, त्याने निम्मी रक्कम भरल्याशिवाय अपील विचारातच घेतले जात नाही. येथे एकूण 85,000, म्हणून 42,500 रुपये. ही अट सक्तीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. भरपाई कमी मिळाली म्हणून तक्रारदार अपील करीत असेल, तर त्याला अनामत नाही. कारण त्याच्याकडून काही येणेच नाही.

अपील वस्तुस्थिती आणि कायदा या दोन्ही मुद्द्यांवर करता येते. मात्र ‘आदेश अन्यायकारक आहे’ हे कारण नव्हे. नोटीस मिळालीच नाही, हे येथील खरे कारण. त्यासाठी नव्या पत्त्याचा त्या काळातील पुरावा जोडावा. कारण पटले तर राज्य आयोग बहुधा प्रकरण पुन्हा ऐकण्यासाठी जिल्हा आयोगाकडे पाठवतो, कधी खर्चाची अट घालून. उलट, नोटीस घेऊनही जो गैरहजर राहिला, त्याची बाजू फार दुबळी असते. मध्यस्थीतून झालेल्या तडजोडीच्या आदेशावर तर अपीलच नाही.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. स्थगितीचा स्वतंत्र अर्ज त्याच दिवशी द्यावा. अन्यथा वसुली सुरू होऊ शकते आणि आदेश न पाळल्याबद्दल एक महिना ते तीन वर्षे कारावासाची तरतूद कायद्यात आहे.