कपातीच्या बातमीनंतरचा अर्ज

जून 2025 च्या सुरुवातीला पुण्यातली एक टेस्ट इंजिनिअर क्राउडस्ट्राइकच्या पुण्यातल्या ऑफिससाठी अर्ज लिहायला बसली. विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणं हे तिचं गेल्या काही वर्षांचं काम, आणि जागाही नेमकी तीच होती. अडचण होती ती पत्राच्या पहिल्या परिच्छेदाची. ज्या कंपनीला लिहायचं, ती वर्षभरात दोनदा जगभर बातम्यांत आली होती. एकदा चुकीमुळे, एकदा कपातीमुळे. त्याबद्दल काही बोलायचं की नाही, आणि बोलायचं तर कोणत्या सुरात?

तिची मावसबहीण बरीच वर्षं आयटी कंपन्यांच्या भरती विभागात होती. कच्चा मसुदा तिच्याकडे गेला. पत्र अर्थातच इंग्रजीत होतं, त्यातला मजकूर इथे मराठीत दिला आहे. सुरुवात अशी होती: “या कठीण काळात आपल्या कंपनीसोबत उभं राहण्याची माझी इच्छा आहे.”

“कठीण काळ कुणी सांगितला तुला?” ताईनं विचारलं. “कंपनीचं निवेदन वाचलंस, की नुसत्या बातम्या?”

बातम्याच वाचल्या होत्या. म्हणून दोघींनी आधी निवेदन उघडलं. 7 मे 2025 ला मुख्याधिकारी जॉर्ज कर्ट्झ यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र जाहीर झालं होतं. सुमारे 500 जागा, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या पाच टक्के, कमी होणार होत्या. पण धंदा बसला, असं त्यात कुठेही नव्हतं. उलट वार्षिक उत्पन्न दहा अब्ज डॉलरपर्यंत न्यायचं उद्दिष्ट सांगितलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तेच काम कमी माणसांत होतं, असं कारण दिलं होतं, आणि ग्राहकांशी थेट संबंध येणाऱ्या व उत्पादनाच्या इंजिनिअरिंगच्या जागा भरणं चालू राहील, असंही म्हटलं होतं. अर्ज होता तो याच दुसऱ्या गटातल्या जागेसाठी.

म्हणजे “कठीण काळ” हा शब्दप्रयोग सुराच्या आधी माहितीतच चुकत होता. बुडत्याला हात द्यायला आल्यासारखं लिहावं, अशी त्या कंपनीची अवस्था नव्हती. कपात या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी येतात, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. तोटा वाढला म्हणून माणसं काढणारी कंपनी, अंदाजापेक्षा जास्त भरती झाली म्हणून मागे फिरणारी कंपनी आणि धंदा वाढत असताना कामाची रचना बदलणारी कंपनी यांना एकच वाक्य लागू पडत नाही. यातली समोरची कंपनी कुठली, हे निवेदनाच्या पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत बहुतेक कळतं. मथळ्यातून कळत नाही.

निवेदन वाचल्यावर तिनं पहिलं वाक्य खोडलं आणि त्याच्या जागी दुसरं लिहिलं: “कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे चाललेल्या आपल्या नव्या वाटचालीचा भाग व्हायला मी उत्सुक आहे.” ताईला हे पहिल्याहून वाईट वाटलं, आणि तिचं म्हणणं पटण्यासारखं आहे. निवेदनातले तेच शब्द 500 माणसं का जाणार, याचं कारण म्हणून आले होते. अर्ज पहिल्यांदा वाचणारा मुख्याधिकारी नसतो. तो भरती विभागातला कुणीतरी असतो, आणि महिन्यापूर्वी शेजारच्या खुर्चीवर बसणारी सहकारी कदाचित त्याच कारणानं गेलेली असते. त्यातून कपातीत भरती विभागालाच जास्त झळ बसते, हेही नेहमीचं आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटानं 11,000 लोकांना काढलं, तेव्हा मार्क झुकरबर्ग यांनी आपल्या पत्रात ते उघड लिहिलं होतं: पुढच्या वर्षी भरती कमी करायची असल्यानं भरती विभागावर परिणाम जास्त होईल. अशा माणसाला कपातीच्या कारणाचंच स्वागत ऐकवणं बरं नव्हे.

मग कपातीबद्दल लिहायचं काय? औपचारिक अर्जात काहीच नाही, असा ताईचा निर्णय होता. सहानुभूतीला तिथे जागा नसते. अनोळखी माणसाचं सांत्वन वाचणाऱ्याला उपचार वाटतं, आणि त्याला त्यावर उत्तरही देता येत नाही. पण उल्लेख टाळला की काम झालं, असं नाही. खरा बदल उरलेल्या पत्रात करावा लागतो. तिच्या मसुद्यात “झपाट्यानं वाढणारी तुमची टीम” असं होतं, ते “तुमची टीम” झालं. “हे माझं स्वप्न आहे” हे गेलं. “ताबडतोब रुजू होऊ शकते” याची जागा नोटीस पिरियडच्या साध्या आकड्यानं घेतली, कारण घाई दाखवणारं वाक्य रिकाम्या झालेल्या खुर्चीवर नजर असल्यासारखं वाचलं जाऊ शकतं. उद्गारचिन्हं दोन होती, दोन्ही काढली. पत्र थंड झालं नाही, नुसता त्यातला आवाज खाली आला.

दुसरी बातमी जुनी होती, पण मोठी. 19 जुलै 2024 च्या शुक्रवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी, क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन या संरक्षक सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली गेली. 78 मिनिटांनी ती मागे घेतली, पण तोवर विंडोजवर चालणारे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ते सुमारे 85 लाख होते. विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्याकडे प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. अनेक संगणकांपाशी प्रत्यक्ष जाऊन, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, C-00000291 अशा नावानं सुरू होणारी फाइल हातानं पुसावी लागली.

टेस्ट इंजिनिअरला या घटनेबद्दल बोलण्याचा मोह होणारच. तिच्या मसुद्यात होतं: “अपडेट टप्प्याटप्प्यानं पाठवलं असतं तर हा प्रसंग टळला असता. तो पुन्हा घडू नये यासाठी माझा अनुभव उपयोगी पडेल.” वाक्यात खोटं काही नाही. पण कंपनीनं ऑगस्ट 2024 मध्ये स्वतःच कारणमीमांसेचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात टप्प्याटप्प्यानं अपडेट पाठवण्याची उपाययोजनाही लिहिली. अर्जदारानं तेच परत सांगणं म्हणजे ज्यांनी कित्येक रात्री जागून निस्तरलं त्यांना शिकवणं.

मग इथेही गप्पच बसायचं का? नाही. कपात आणि तांत्रिक चूक यांतला फरक इथेच आहे. कपातीत दुखावलेली माणसं असतात आणि बाहेरच्याला त्यात बोलायचा अधिकार नसतो. चुकीबद्दल मात्र या कंपनीनं उघड बोलायचं ठरवलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये लास वेगासच्या डेफ कॉन संमेलनात सर्वांत मोठ्या फजितीचा पुरस्कार घ्यायला कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनस स्वतः मंचावर गेले आणि कर्मचाऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी तो मुख्यालयात ठेवू म्हणाले. जी कंपनी आपल्या चुकीविषयी असं बोलते, तिच्यापुढे तो विषय काढायला हरकत नसते. काढायचा कसा, एवढंच ठरवायचं.

सूर चुकला तर काय होतं, याचं उदाहरणही याच कंपनीचं आहे. बिघाडानंतरच्या आठवड्यात ग्राहकांसाठी राबणाऱ्या सहकाऱ्यांना आणि भागीदारांना तिनं आभार म्हणून उबर ईट्सची दहा डॉलरची कुपनं पाठवली. हेतू चांगला असेलही. पण झालेल्या मनस्तापापुढे ती रक्कम इतकी किरकोळ होती की लोक चिडले, आणि एकाच वेळी फार जणांनी वापरल्यामुळे उबरच्या यंत्रणेनं ती संशयास्पद ठरवल्यानं काहींची चाललीही नाहीत. मोठ्या त्रासापुढे छोटी गोड कृती केली तर ती न करण्यापेक्षा जास्त टोचते. पत्रातल्या सांत्वनाच्या एका ओळीचंही तसंच होतं.

तिनं अहवाल पुन्हा नीट वाचला. मूळ गोष्ट साधी होती. नव्या प्रकारच्या फाइलमध्ये माहितीचे 21 रकाने ठरवले होते, पण ती माहिती पुरवणारा कोड 20 च देत होता. चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात “काहीही चालेल” असं चिन्ह घातलेलं असे, त्यामुळे तो रकाना तपासायची वेळच येत नव्हती आणि तफावत महिनोन्‌महिने झाकली गेली. 19 जुलैच्या फाइलमध्ये तिथे पहिल्यांदा ठरावीक मूल्य आलं, प्रोग्राम जिथे काही नव्हतं तिथे वाचायला गेला आणि संगणक कोसळला.

आणि इथे तिला स्वतःचं काम दिसलं. तिच्या सध्याच्या नोकरीत, आयात होणाऱ्या फाइलींच्या चाचण्यांत असाच नमुना होता: चाचणीचा डेटा इतका सैल की चुकीचा रकानाही पास व्हायचा. तिनं रकान्यांची संख्या एकनं कमी आणि एकनं जास्त करून बघणाऱ्या चाचण्या घातल्या होत्या. ती हे आधीच्या मसुद्यात लिहायलाच विसरली होती, कारण सगळी जागा कंपनीच्या चुकीनं खाल्ली होती.

नवा परिच्छेद असा झाला: “फाइल वाचणाऱ्या कोडच्या चाचण्या हे माझं मुख्य काम. आमच्याकडचा चाचणीचा डेटा फार सैल असल्यानं रकान्यांच्या संख्येतली तफावत पकडली जात नव्हती. मी कमी-जास्त रकान्यांच्या चाचण्या रोजच्या बिल्डमध्ये घातल्या. तुमच्या ऑगस्ट 2024 च्या अहवालातला चाचणीच्या डेटाबद्दलचा भाग मी त्या कामाच्या संदर्भात वाचला, आणि त्यावर बोलायला मला आवडेल.” यात बिघाड, फटका, प्रसंग यांतला एकही शब्द नाही. वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं, आणि वाक्याचा कर्ता बहुतेक ठिकाणी “मी” आहे, “तुम्ही” नाही. ताई मसुदे तपासताना हेच आधी बघते. “तुम्ही” ने सुरू होणाऱ्या वाक्यांत एक तर स्तुती असते नाही तर सल्ला, आणि अडचणीतून गेलेल्या कंपनीला दोन्ही नको असतं.

याच कंपनीत तिचा कॉलेजचा एक मित्र होता. त्याला ती अर्जाच्याच दिवशी रेफरलसाठी लिहिणार होती. ताईनं थांबवलं. त्याला आधी नुसतं विचार, म्हणाली, “तू आणि तुझी टीम ठीक आहात ना?” इथे मात्र कपातीचा उल्लेख हवाच. ओळखीच्या माणसाला तो टाळून थेट काम सांगितलं, तर काळजीपेक्षा गरज पुढे दिसते. मित्राचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तो वाचला होता, त्याच्याबरोबर रुजू झालेली एक जण गेली होती. तिनं रेफरलचा विषय त्या मेसेजमध्ये काढलाच नाही. पुढच्या आठवड्यात वेगळा मेसेज केला, त्यात जागेचा क्रमांक दिला आणि जमणार नसेल तर नको म्हण, असं स्पष्ट लिहिलं. कपातीनंतर आतल्या माणसाला कुणाचं नाव पुढे करणं अवघड होतं. त्याला नकाराची मोकळीक द्यावी लागते.

अर्ज जाऊन दोन आठवडे उत्तर आलं नाही. एरवी तिनं तिसऱ्याच दिवशी आठवण केली असती. पण कपातीनंतर मंजूर जागासुद्धा पुन्हा वरच्या सहीसाठी अडकू शकते, आणि तेवढेच अर्ज आता कमी हात चाळत असतात. तिसऱ्या आठवड्यात तिनं तीन ओळी पाठवल्या: जागेचा क्रमांक, अर्जाची तारीख आणि “ही जागा अजून भरायची आहे का, एवढं कळलं तरी पुरे.” असा प्रश्न वाचणाऱ्याला एका शब्दात निकालात काढता येतो. “माझ्या अर्जाचं काय झालं” याला तसं उत्तर देता येत नाही.

नोकरी टिकेल का, हा तिच्या मनातला खरा प्रश्न होता, आणि तो पत्रात कुठेच आला नाही. मुलाखतीसाठी तिनं तो दोन तुकड्यांत लिहून ठेवला: ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे, आणि टीमची रचना या तिमाहीत पक्की झाली आहे का. दोन्हींची उत्तरं मॅनेजरला देता येण्यासारखी आहेत, आणि दुसऱ्याला उत्तर देताना तो अडखळला तर तिला हवी ती माहिती मिळतेच.